पीटी महिनाभर थांबवायची आहे? ट्रेनरला कधी, काय आणि कसं सांगायचं

जिममधली पर्सनल ट्रेनिंग, म्हणजे पीटी, चालू असताना मध्येच महिनाभर खंड घ्यावा लागणं मुंबईत नेहमीचंच आहे. कुणाच्या घरी ऑपरेशन असतं, कुणाला गावी जावं लागतं, कुणाला ऑफिस महिन्यासाठी पुण्याला धाडतं. माणूस जाता जाता ट्रेनरला म्हणतो, "सर, थोडे दिवस जमणार नाही बहुतेक," आणि निघून जातो. महिन्याने परत येतो तेव्हा पॅकेजची मुदत संपत आलेली असते, सकाळचा स्लॉट दुसऱ्याला गेलेला असतो, आणि ट्रेनरने दरम्यानच्या काळात काय समजून घेतलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत असतं.

ज्यांनी जिममध्ये पैसे भरून सेशनचं पॅकेज घेतलं आहे, ज्यांना ते सोडायचं नाही आणि ज्यांना त्याच ट्रेनरकडे ठरलेल्या तारखेला परत सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मलाही असा खंड घ्यावा लागला आहे. पण इथे उदाहरण मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं घेते, कारण तिच्या बाबतीत तारखा आणि आकडे स्पष्ट मांडता येतात.

हाताशी काय काय ठेवायचं

- पीटी पॅकेजची पावती. त्यावर सेशनची संख्या, सुरू झाल्याची तारीख आणि मुदत असते.
- जिमच्या मेंबरशिपची पावती. ही वेगळी असते.
- सेशन कार्डचा फोटो किंवा जिमच्या ॲपमधल्या शिल्लक सेशनचा स्क्रीनशॉट.
- प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या फॉर्मच्या मागची अटींची बाजू. फ्रीज, म्हणजे चालू मुदत काही दिवस थांबवून ठेवणं, किती दिवसांचा, किती वेळा आणि फुकट की पैसे भरून, हे तिथेच छापलेलं असतं.
- खंड वैद्यकीय कारणासाठी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी किंवा हॉस्पिटलचा कागद. काही जिम फक्त अशाच कारणासाठी पीटीची मुदत वाढवतात.
- कॅलेंडर. भिंतीवरचं असेल तर उत्तम, कारण वार डोळ्यांसमोर राहतात.

1. मेंबरशिप आणि पीटी ही दोन वेगळी खाती आहेत

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जिमच्या दारातून आत येण्याचा हक्क म्हणजे मेंबरशिप, आणि ट्रेनरचा वेळ विकत घेतलेला असतो ती पीटी. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या, मुदती वेगळ्या, आणि सिस्टिममधल्या नोंदीही वेगळ्या. तुम्ही डेस्कवर "फ्रीज करा" म्हटलंत तर समोरचा बहुतेक वेळा मेंबरशिप फ्रीज करतो आणि पीटीची मुदत होती तशीच धावत राहते.

उलटंही होतं. पीटीची मुदत वाढवून मिळते, पण मेंबरशिप त्याआधीच संपते. मग शेवटची सेशन करायला तुम्ही जाता आणि मशीन तुमचा अंगठा घेत नाही, कारण मेंबरशिप नसताना पीटी करू देत नाहीत. म्हणून दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि दोन्हींसाठी वेगवेगळी विनंती करा.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्या. पैसे कुणाच्या खात्यात गेले आहेत? पावती जिमची असेल तर उरलेली सेशन देणं ही जिमची जबाबदारी आहे, ट्रेनर तिथे असो वा नसो. पैसे तुम्ही थेट ट्रेनरच्या यूपीआयवर पाठवले असतील तर सगळा व्यवहार त्याच्या शब्दावर आहे. अशा वेळी काय ठरलं होतं याचा खाली सांगितलेला लेखी मेसेज हाच तुमच्याकडचा पुरावा ठरतो, तो टाळू नका.

2. ट्रेनरकडे जायच्या आधी हिशोब मांडा

माझ्या मावसबहिणीचं पॅकेज 36 सेशनचं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. सुरुवात 4 मेला, मुदत तीन महिने, म्हणजे 3 ऑगस्टपर्यंत. मावशीचं गुडघा बदलायचं ऑपरेशन 10 जूनला ठरलं. अशा ऑपरेशननंतर माणूस काही दिवसांत घरी येतो, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, पण वॉकर, फिजिओथेरपी, रात्री उठून बाथरूमपर्यंत नेणं हे सगळं पहिले काही आठवडे घरातल्याच कुणाला तरी करावं लागतं. तिने चार आठवडे धरले आणि वर दोन दिवस मोकळे ठेवले.

बंद 8 जून, सोमवारपासून. बंदचा शेवटचा दिवस 7 जुलै. सुरुवात 8 जुलै, बुधवार. मधले दिवस बरोबर तीस. तीस धरण्यालाही कारण होतं. बऱ्याच जिममध्ये फ्रीज पंधरा किंवा तीस दिवसांच्या हिशोबानेच मिळतो, आणि अठ्ठावीस मागितले तरी फ्रीजचा कोटा तिसाचाच खर्च होतो.

आता शिल्लक. 5 जूनपर्यंत सोमवार-बुधवार-शुक्रवारचे पंधरा दिवस होतात. त्यातला एक दिवस तिने आधी कळवून रद्द केला होता, म्हणून झालेली सेशन 14 आणि उरलेली 22.

मुदत न वाढवता ती 8 जुलैला परतली असती, तर 3 ऑगस्टपर्यंत तिला फक्त 12 सेशन करता आली असती. दहा वाया. सेशनला 750 रुपये धरले तर साडेसात हजार रुपये. हा आकडा समोर आला की डेस्कवर जाऊन बोलायचा संकोच आपोआप गळतो.

मुदत तीस दिवसांनी वाढली की ती 2 सप्टेंबरला संपते. 8 जुलैपासून आठवड्याला तीन या दराने बाविसावं सेशन 26 ऑगस्टला, बुधवारी येतं. त्यानंतर 28, 31 आणि 2 तारीख असे तीनच दिवस हातात उरतात. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली की ट्रेनर कल्याणला आणि तुम्ही मुलुंडला अडकलात असं होऊ शकतं. तेव्हा तीन दिवसांची ही मोकळीक पुरेशी आहे, पण फार ऐसपैस नाही, हे तिला आधीच ठाऊक होतं.

तिची मेंबरशिप 15 ऑगस्टला संपत होती. म्हणजे नुसती पीटी वाढवून भागलंच नसतं. शेवटची पाच सेशन दाराबाहेर राहिली असती. मेंबरशिपही तीस दिवस फ्रीज करून ती 14 सप्टेंबरपर्यंत नेली.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण हीच चार उत्तरं काढा: बंदचा पहिला आणि शेवटचा दिवस, सुरू होण्याचा दिवस, शिल्लक सेशन, आणि दोन्ही मुदतींच्या नव्या तारखा. तारखा सांगताना "8 जून ते 8 जुलै" असं कधीच म्हणू नका. 8 जुलै बंदमध्ये धरायचा की सुरूमध्ये, हे कुणालाच कळत नाही. सिस्टिममध्ये तो दिवस फ्रीजमध्ये गेला तर सकाळी सातला तुम्ही दाराबाहेर उभे आणि ट्रेनर आत, असं चित्र होतं.

3. आधी ट्रेनरला सांगा, मग डेस्कला

कागदोपत्री निर्णय मॅनेजरचा असला तरी पहिलं बोलणं ट्रेनरशीच व्हायला हवं. यामागे शिष्टाचार आहे, पण त्याहून मोठं कारण त्याच्या कमाईचं आहे.

बऱ्याच जिममध्ये ट्रेनरचा मूळ पगार बेताचा असतो आणि खरी कमाई होते ती घेतलेल्या सेशनच्या टक्केवारीवर. तुम्ही पैसे आगाऊ भरले असले तरी सेशन झाल्याशिवाय त्याचा वाटा त्याला मिळत नाही, निदान अनेक ठिकाणी तरी. म्हणजे तुमचा महिनाभराचा खंड ही त्याच्या पगारात पडलेली बारा-तेरा सेशनची खोट असते. त्यात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा हेच तास सगळ्यांना हवे असतात. दुपारी तीनचा स्लॉट रिकामा राहिला तर कुणाला काही वाटत नाही, सकाळी सातचा रिकामा राहिला की त्याचं थेट नुकसान.

हेच तुम्ही त्याला दोन आठवडे आधी सांगितलंत तर तो त्या महिन्यासाठी दुसऱ्या कुणाला तो तास देऊ शकतो. परीक्षा संपलेली मुलं, लग्न तोंडावर आलेली मंडळी, महिनाभरच करून बघू म्हणणारे असे लोक प्रत्येक जिममध्ये असतात. आदल्या रात्री सांगितलंत तर तो बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून तुमच्या रिकाम्या तासासाठी येऊन बसतो. बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करू नका.

माझा नेम असा की किमान दहा ते चौदा दिवस आधी सांगायचं. ऑपरेशन अचानक ठरलं, घरात काही वाईट घडलं, तर अर्थातच ज्या क्षणी कळेल त्या क्षणी.

सांगायची वेळही नीट निवडा. सेट चालू असताना, बेंचवर झोपून बार हातात असताना हा विषय काढू नका. त्याचं लक्ष तुमच्या मनगटावर असतं आणि तो "हो हो" म्हणून मोकळा होतो. शेवटचं स्ट्रेचिंग चालू असतं ती पाच मिनिटं बरी. पुढचा क्लायंट येऊन थांबला असेल तर "उद्या दोन मिनिटं बोलायचं आहे" एवढंच सांगा आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लवकर जा.

4. समोरासमोर काय बोलायचं

माझ्या बहिणीने जे सांगितलं ते जवळपास असं होतं:

"सर, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन 10 जूनला ठरलंय. 8 जूनपासून 7 जुलैपर्यंत मला यायला जमणार नाही. 8 जुलैला, बुधवारी, सकाळी सातला मी परत सुरू करते. 5 तारखेपर्यंतची सगळी झाली की माझी बावीस उरतात, ती तुमच्याकडेच करायची आहेत. मधल्या महिन्यात सातचा स्लॉट तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलात तरी चालेल. फक्त 8 जुलैपासून तो मला परत मिळेल का, ते आत्ताच सांगाल का?"

यात कारण एका वाक्यात आलं, दोन्ही तारखा वारासकट आल्या, शिल्लक आकडा आला, आणि शेवटी एक सरळ प्रश्न आला. कारणाचा विस्तार करायची गरज नाही. तुम्हाला कारण सांगायचंच नसेल तर "घरचं काम आहे" एवढं पुरतं. मात्र खोटं कारण देऊ नका. तोच ट्रेनर परतल्यावर तुमच्या शरीराचा अंदाज घेणार असतो. तुम्ही आजारी होतात की प्रवासात होतात, यावर तो पहिल्या दिवशी काय करून घेईल हे ठरतं. तुमचंच ऑपरेशन किंवा दुखापत असेल तर ते त्याला कळलंच पाहिजे.

"बहुतेक", "साधारण", "बघते कसं जमतंय" हे शब्द मात्र काढून टाका. ट्रेनरच्या कानावर ते "ही आता येत नाही" असे पडतात, कारण असं म्हणून गेलेले बरेच जण खरंच परत आलेले नसतात. मग स्लॉट राखून ठेवायची त्याला काही गरज वाटत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

ट्रेनर हिंदी बोलणारा असेल तर हेच हिंदीत सांगा. मुंबईच्या जिममध्ये निम्मं बोलणं तसंही हिंदीतच चालतं. आकडे आणि तारखा मात्र मोबाइलवर लिहून दाखवा, म्हणजे सत्तावीस की सैंतीस असा घोळ होत नाही.

समोरून साधारण चार प्रकारची उत्तरं येतात.

"चालेल मॅडम, स्लॉट तुमचाच." उत्तम. तरीही पुढची पायरी चुकवायची नाही.

"सातचा राखून ठेवता येणार नाही, कुणी तीन महिन्यांसाठी आलं तर द्यावा लागेल." हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्याचा राग मानू नका. तिथेच विचारा की 8 जुलैपासून कोणता तास नक्की मिळेल. आठ वाजता चालेल का, किंवा सातच ठेवून मंगळवार-गुरुवार-शनिवार चालेल का, हे आत्ताच ठरवा. परत आल्यावर ठरवू म्हटलंत तर पहिला आठवडा त्यातच जातो.

"त्यापेक्षा ऑनलाइन करू, व्हिडिओ कॉलवर." काहींना हे सोयीचं असतं. पण ते सेशन तुमच्या शिल्लकीतून वजा होणार का, हे आधी विचारा. आजारी माणसाची उठबस करता करता ठरलेल्या वेळी फोनसमोर उभं राहणं जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा. अर्धवट केलेलं ऑनलाइन सेशनही पूर्णच मोजलं जातं.

"आत्ता पुढचं पॅकेज रिन्यू करून टाका, मग फ्रीजचं मी बघतो." महिनाअखेर जवळ असली की हे हमखास ऐकू येतं, कारण ट्रेनरवरही विक्रीचं टार्गेट असतं. रिन्यूअल आणि खंड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. "आधी ही बावीस संपू देत, ऑगस्टअखेर रिन्यूअलचं बोलू," असं शांतपणे सांगा.

5. त्याच दिवशी मेसेज पाठवा

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ट्रेनरला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. हा मेसेज त्याच्यावर अविश्वास म्हणून नसतो. दिवसाला आठ-दहा क्लायंट सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येकाच्या तारखा लक्षात राहणं शक्यच नाही, आणि त्याच्या फोनमध्ये तुमची तारीख असली तर त्याचंही काम सोपं होतं. असा मेसेज पुरतो:

"नमस्कार सर. आज बोलल्याप्रमाणे माझी पीटी 8 जून (सोमवार) ते 7 जुलै (मंगळवार) बंद राहील. 8 जुलै, बुधवार, सकाळी 7 वाजता पुन्हा सुरू. 5 जूनच्या सेशननंतर शिल्लक 22. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सातचा स्लॉट 8 जुलैपासून माझ्यासाठी राहील. डेस्कवर मी उद्या अर्ज देते. यात काही चुकलं असेल तर कळवा, नाहीतर फक्त 'ओके' पाठवा."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नुसत्या निळ्या टिकांवर समाधान मानू नका. उत्तर आलं नाही तर पुढच्या सेशनला आठवण करा आणि समोरच उत्तर पाठवायला सांगा. लांबलचक व्हॉइस नोट पाठवू नका. महिन्याने त्यातली तारीख शोधायला कुणी बसत नाही.

6. डेस्कवर अर्ज आणि नोंद

ट्रेनरचा होकार हा स्लॉटपुरता असतो. मुदत वाढवायचा अधिकार बहुतेक ठिकाणी मॅनेजरकडे असतो. "मी सांगतो डेस्कवर, तुम्ही टेन्शन घेऊ नका," असं ट्रेनर मनापासून म्हणाला तरी स्वतः जा. तो सांगतो, डेस्कवरची मुलगी लिहून ठेवते, तिची शिफ्ट बदलते, आणि नोंद कुठेच होत नाही.

अर्ज खंड सुरू होण्याच्या आधी द्या. मागच्या तारखेपासून फ्रीज देत नाहीत, आणि सिस्टिममध्ये तो करताही येत नाही असं उत्तर मिळतं. अर्ज ई-मेलने दिलात तर सगळ्यात बरं. जिम मोठ्या साखळीतली असेल तर ॲपमध्येही फ्रीजची सोय असते. पण ती बहुधा मेंबरशिपपुरती असते, पीटीसाठी वेगळं लिहावं लागतं. अर्जात दोन ओळी स्पष्ट वेगळ्या लिहा: मेंबरशिप तीस दिवस फ्रीज करावी, नवी शेवटची तारीख 14 सप्टेंबर. पीटी पॅकेजची मुदत तीस दिवस वाढवावी, नवी शेवटची तारीख 2 सप्टेंबर, शिल्लक सेशन 22.

समोरचा म्हणेल, "हो गया मॅडम." तेव्हा स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि दोन्ही तारखा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. फोटो घेऊ देत असतील तर घ्या, नाहीतर ई-मेलवर उत्तर मागा. फ्रीजचे पैसे घेतले तर त्याची पावती घ्या.

सेशन कार्डाकडेही बघा. पुठ्ठ्याचं कार्ड असेल तर शेवटच्या दिवशी ट्रेनरसमोर खाडे आणि सह्या मोजा. बहिणीच्या कार्डावर तिने वेळेत रद्द केलेल्या दिवशीही टिक झाली होती. आदल्या दिवशी कळवलेलं रद्द सेशन मोजत नाहीत असा त्या जिमचा नियम होता. तिने आदल्या दिवशीचा मेसेज दाखवला आणि ट्रेनरने ती टिक खोडून शेजारी सही केली. महिन्याने हे दाखवायला गेली असती तर दोघांनाही नीट आठवलं नसतं. खोडलेल्या खुणेशेजारी ट्रेनरची सही हवीच, नुसती खोडलेली टिक पुढे वादाचं कारण होते.

आणि एक छोटी गोष्ट. काही जिममध्ये फ्रीज चालू असताना तुम्ही एकदा जरी अंगठा किंवा चेहरा दाखवून आत गेलात, तरी फ्रीज तिथेच तुटतो आणि उरलेले दिवस गमावले जातात. महिन्यात एखादी सकाळ मोकळी मिळाली तर बागेत चाला, जिमच्या दाराशी जाऊ नका.

7. पैसे आपोआप कापले जात असतील तर

एकरकमी पैसे भरले असतील तर ही पायरी सोडून द्या. दर महिन्याला यूपीआय ऑटोपेने पैसे जात असतील तर फ्रीज मंजूर होताच डेस्कवर विचारा की पुढचा हप्ता कापला जाईल का. ऑटोपेचा हप्ता जायच्या निदान चोवीस तास आधी सूचना येते, ती आली तर दुर्लक्ष करू नका. यूपीआय ॲपच्या ऑटोपेच्या यादीत हप्ता थांबवण्याची सोय असते. पण जिमला न सांगता ती वापरलीत तर तिकडे तुमचे पैसे थकलेले दिसतात आणि कधी कधी मेंबरशिपच बंद होते. आधी त्यांची मंजुरी, मग थांबवणं.

पॅकेज क्रेडिट कार्डच्या ईएमआयवर घेतलं असेल तर गोष्ट निराळी. तो हप्ता बँकेचा असतो. जिमने कितीही दिवस फ्रीज दिला तरी तो कार्डाच्या बिलात येणारच, तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

8. मधला महिना

जायच्या आधी लॉकर रिकामा करा. जूनच्या पावसात बंद लॉकरमध्ये राहिलेल्या बुटांवर पंधरवड्यात पांढरी बुरशी येते, आणि काही जिम फ्रीजच्या काळात लॉकर दुसऱ्याला देऊनही टाकतात.

शेवटच्या दिवशी ट्रेनरकडून घरी करण्याजोगे चार-पाच प्रकार लिहून घ्या, आणि स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्टला सध्या किती वजन आणि किती रेप चालले आहेत तेही टिपून ठेवा. एवढं मागणं रास्त आहे. पण महिनाभर रोज फोटो पाठवून "सर, हे जेवण चालेल का" असं विचारू नका. त्या वेळेचे पैसे त्याला कुणी देत नाही.

ठरलेल्या तारखेच्या पाच-सहा दिवस आधी एक मेसेज टाका. बहिणीने 2 जुलैला पाठवला: "सर, 8 तारखेला बुधवारी सातला येते आहे. स्लॉट पक्का ना?" यात एक फायदा होतो. ट्रेनर दरम्यान जिम सोडून गेला असेल तर तुम्हाला दाराशी पोहोचण्याआधी कळतं. ट्रेनर जिम बदलतात, त्यात नवल नाही. तसं झालं तर मॅनेजरला विचारा की तुमची सेशन कोणाकडे गेली, आणि नव्या ट्रेनरबरोबर एक सेशन करून बघेपर्यंत पुढचा होकार देऊ नका. ट्रेनर "मी नव्या जिममध्ये आहे, तिकडे या" म्हणाला तरी जुन्या जिमला भरलेले पैसे तिकडे जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

तारीख पुढे ढकलावी लागली तर? मावशीला बरं व्हायला आठवडा जास्त लागला असता तर बहिणीने 2 जुलैच्याच मेसेजमध्ये नवी तारीख दिली असती, आणि त्याच दिवशी डेस्कलाही कळवलं असतं. जुनी तारीख गप्प बसून उलटू देऊ नका. 8 तारखेला सातला ट्रेनर तुमची वाट पाहतो, तुम्ही येत नाही, आणि ते सेशन न कळवता चुकवलेलं म्हणून वजा होतं. एकदा तारीख दिली की ती पाळायची किंवा वेळेत बदलायची.

9. परतीचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर जा. डेस्कवर दोन्ही मुदती पुन्हा बघून घ्या आणि शिल्लक 22 आहे ना ते पाहा. काही फरक असेल तर पहिलं सेशन सुरू व्हायच्या आधीच मेसेज आणि ई-मेल दाखवा.

मग ट्रेनरला महिन्यात काय काय झालं ते खरं सांगा. झोप किती मिळाली, काही उचलताना पाठ भरली का, औषध चालू आहे का. आजारी माणसाला पलंगावरून उठवताना कंबर धरणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते न सांगता तुम्ही डेडलिफ्टला उभे राहिलात तर दुखणं वाढतं. महिनाभरात ताकद फारशी जात नाही, दम मात्र लवकर लागतो, म्हणून दोन-तीन सेट झाले की आपण पूर्वीसारखेच आहोत असं वाटू लागतं. त्या भरात जुनं वजन लावू नका. टिपून ठेवलेल्या वजनाच्या साधारण साठ-सत्तर टक्क्यांवर पहिला आठवडा काढा आणि सेटही एखादा कमी घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं साहजिक आहे. लघवीचा रंग कोकाकोलासारखा गडद झाला, किंवा सुजेने हात-पाय वळेनासे झाले, तर मात्र जिम सोडून थेट डॉक्टर गाठा.

बहिणीचं स्क्वॉट 40 किलोवर थांबलं होतं, ट्रेनरने परतीला 25 वर सुरू करून तिसऱ्या आठवड्यात तिला पुन्हा 40 वर आणलं. सातचा स्लॉट तिला मिळाला. मधल्या महिन्यात तो एका कॉलेजच्या मुलाने घेतला होता. त्याला ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की 7 जुलैनंतर त्याला आठ वाजता यावं लागेल.